मॅडमच्या सारांशातला मी बदललेला शब्द

माझं शिक्षण चौथीपर्यंतच झालं. दुकानात येणाऱ्या बहुतेकांना हे ठाऊक नाही आणि मीही कधी सांगितलेलं नाही. मालवणात बाजारातून जेटीकडे जाणाऱ्या गल्लीत आमचं टायपिंगचं दुकान आहे. आमचं म्हणजे सरांचं. मी तिथे झाडू मारायला आणि झेरॉक्स काढायला लागले होते. सर पूर्वी टायपिंगचे वर्ग घेत. यंत्रं गेली आणि कॉम्प्युटर आला, तेव्हा सरांची नजर अधू झाली होती. एक दिवस ते म्हणाले, "बस गो हंय. मी सांगतंय, तू बटणां बडय." तशी मी बसले, ती आजही तिथेच बसते.

माणसांशी बोलायला मला जमत नाही. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की मी पडद्याकडे बघत उत्तर देते. पण कागद वाचायला मला आवडतं. कागद वाचताना समोरचा माणूस आपल्याकडे बघत नाही. किती वर्षं लोकांचे अर्ज, प्रस्ताव, भाषणं, कॉलेजच्या मुलांचे सारांश माझ्या हाताखालून गेले. एवढं वाचल्यावर माणसाला थोडं कळायला लागतं, आणि ते थोडंच फार वाईट.

मला कळलेली एक गोष्ट म्हणजे 'महत्त्वाचा' हा शब्द सगळेच लिहितात. अर्जातही महत्त्वाचा, भाषणातही महत्त्वाचा. एकदा एका प्रस्तावाच्या एका पानात तो इतक्या वेळा आला की मी टायपिंग थांबवून सरांना दाखवलं. सर हसले नाहीत. खुर्ची ओढून माझ्या बाजूला बसले आणि म्हणाले, "प्रस्तावात महत्त्वाचा म्हटलंस तर साहेब म्हणतलो, आसात. निकडीचा म्हटलंस तर इचारतलो, कधीपर्यंत होया? मगे खाली तारीख आणि कारण लिवक लागता. नाय लिवलंस तर निकडीचा म्हणा नको."

मला ते फार आवडलं. घरी शाळेच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यात मी लिहून ठेवलं. मग सवयच लागली. भाषण टाइप करताना दिसलं, की तिथे माणसाचा वाटा 'मोलाचा' असतो, प्रश्न 'जिव्हाळ्याचा' असतो आणि किती मोलाचा असं कुणी विचारत नाही. टाळ्या वाजतात आणि पुढचा माणूस उठतो. प्रस्तावात गरज 'निकडीची' किंवा 'अत्यावश्यक', टप्पा 'निर्णायक', काम 'प्राधान्याचं'. कॉलेजच्या सारांशांत हे शब्द सहसा नसत. तिथे योगदान 'उल्लेखनीय', कारण 'मूलभूत', फरक 'लक्षणीय'. हा 'लक्षणीय' मला सगळ्यांत देखणा वाटायचा. लिहायला अवघड, उच्चारताना कोरडा, जणू चष्मा लावलेला. तो सारांशातच का येतो आणि भाषणात का येत नाही, हे मात्र मी सरांना विचारलं नाही. मला वाटलं, हे आपलं आपल्याला समजलं आहे.

गिऱ्हाइकं खूश होऊ लागली. एका पुढाऱ्याच्या भाषणात मी, त्याच्या माणसाला विचारून, दोन ठिकाणी 'महत्त्वाचा' काढून 'मोलाचा' घातला. तो माणूस दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "बाईंनी भाषणाक मीठ घातल्यानी." सरांनी ते ऐकलं. मी मान खाली घालून झेरॉक्स काढत राहिले, पण दिवसभर ते वाक्य मनात घोळवत होते.

आमच्या वाडीत मावशी आहे. नात्याची नाही, पण सगळी वाडी तिला मावशी म्हणते. ती बांगडा, मोरी आणि सुंगटं, म्हणजे कोळंबी, सुकवून विकते आणि वाडीतल्या बायकांच्या गटाची अध्यक्ष आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम मागच्या हंगामात तिच्याकडे आल्या आणि उन्हावर चालणारं वाळवणयंत्र अंगणात बसवून गेल्या. लाकडी चौकट, वर जाड प्लास्टिक, आत जाळ्यांचे खण. बायका त्याला कपाट म्हणत. मळभ आलं तरी आतली मासळी आंबत नसे, तिला रेती चिकटत नसे. ते मॅडमचं प्रयोगाचं कपाट होतं, प्रयोग संपल्यावर परत जाणार होतं. गटाला स्वतःचं मोठं कपाट हवं होतं. त्यासाठी एका संस्थेकडे प्रस्ताव द्यायचा, त्याला मॅडमच्या प्रयोगाचा सारांश जोडायचा, आणि संस्थेची माणसं येतील त्या दिवशी मावशीने चार शब्द बोलायचे, असं ठरलं. हंगाम सुरू व्हायच्या आत मंजुरी मिळाली तर मिळाली, नाहीतर हे वर्ष पुन्हा उघड्यावर.

तिन्ही कागद माझ्याकडे आले.

प्रस्ताव मी मावशीला समोर बसवून लिहिला. 'गटासाठी हे यंत्र महत्त्वाचे आहे' या वाक्याजागी 'हे यंत्र ऑक्टोबरपूर्वी मिळणे निकडीचे आहे, कारण त्यानंतर मासळीची आवक वाढते आणि उघड्यावर टाकलेल्या मालापैकी बराच खराब होतो' असं वाक्य झालं. मावशीला विचारून, तिच्या तोंडून कारण काढून लिहिलेलं. भाषणही तसंच. 'मॅडमनी आमच्यासाठी मोलाचं काम केलं' हे तिला म्हणायला बरं वाटलं. "मोलाचा म्हणजे काय गो?" तिने विचारलं. "म्हणजे महत्त्वाचा, पण मायेन." ती म्हणाली, "मगे बरा आसा. घाल."

सारांश घेऊन मॅडम आल्या त्या दिवशी घाईत होत्या. हाताने लिहिलेलं दीड पान. म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत मिळेल ना? आणि जसं आहे तसंच टाइप करा हं. मी शब्द मोजून लिहिलेत."

"हो," मी म्हटलं.

अक्षर सुंदर होतं. प्रयोग काय केला, मासळी कुठली, कपाटात किती वेळ ठेवली, उघड्यावर किती. मग शेवटच्या परिच्छेदात हे वाक्य होतं: 'मोजक्याच खेपांच्या निरीक्षणावरून दोन्ही पद्धतींतील फरक महत्त्वाचा वाटतो.'

मी ते वाक्य तसंच टाइप केलं. मग परत वाचलं. 'महत्त्वाचा' हा शब्द वर दोनदा येऊन गेला होता. आणि 'वाटतो'. एवढ्या शिकलेल्या बाईने वाटतो कशाला म्हणायचं? वाटतो म्हणजे माझ्यासारख्या माणसाचं बोलणं, दारात उभं राहून आत यावं की न यावं असं. माझ्या वहीत बरोबर शब्द होता. मी लिहिलं: 'दोन्ही पद्धतींतील फरक लक्षणीय आहे.' 'मोजक्याच खेपांच्या' हे शब्दही काढले, कारण वाक्य लांब झालं होतं.

मॅडम संध्याकाळी आल्या. घड्याळ बघत त्यांनी वरवर नजर फिरवली, तक्ता तपासला, आकडे तपासले. विचारलं, "काही बदललं नाहीत ना?"

मी पडद्याकडे बघत म्हटलं, "नाय."

सांगायचं तर तिथेच सांगता आलं असतं. एक वाक्य होतं. 'मॅडम, शेवटी एक शब्द बदललाय, बघा.' त्या हसल्या असत्या किंवा रागावल्या असत्या, आणि शब्द परत बसला असता. पण मला वाटलं त्या शेवटी वाचतील आणि त्यांनाच आवडेल. त्यांनी सही केली. मी तीन प्रती काढून दिल्या आणि त्यांचा हाताने लिहिलेला कागदही परत दिला.

संस्थेच्या लोकांची बैठक पंचायतीच्या सभागृहात होती. मी जायचं कारण नव्हतं, पण मावशी म्हणाली, "भाषणाचो कागद तूच धर. मी खंय चुकलंय तर सांग." म्हणून मी तिच्या शेजारी बसले. समोर संस्थेचे तिघे. त्यांतले एक गृहस्थ वयस्क होते, पूर्वी कुठल्या तरी संशोधन केंद्रात काम केलेले, असं मॅडमनी आधी सांगितलं होतं.

मावशीचं भाषण बरं झालं. ती कागदाकडे फार बघत नव्हती, पण 'मोलाचं काम' म्हणताना मॅडमकडे वळली आणि मॅडमनी नमस्कार केला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. प्रस्तावातलं ऑक्टोबरचं वाक्य एका साहेबाने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "हे नेमकं लिहिलंय." माझे कान गरम झाले. तीन कागद, तिन्हींत माझे शब्द, आणि खोलीतल्या कुणाला ठाऊक नाही. मला आठवतं, मी साडीचा पदर बोटाभोवती गुंडाळत होते आणि मनात म्हणत होते, चौथी पास.

मग त्या वयस्क गृहस्थांनी सारांश हातात घेतला. चष्मा वर केला. "मॅडम, तुम्ही लिहिलंय फरक लक्षणीय आहे. कुठली चाचणी लावलीत?"

मॅडम म्हणाल्या, "चाचणी नाही लावली. खेपा थोड्या होत्या, म्हणूनच मी तसं..." आणि त्यांनी स्वतःची प्रत उघडली.

त्या वाचत होत्या तेवढा वेळ मला अजून जसाच्या तसा आठवतो. पंख्याचा आवाज होता. कुणी तरी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मॅडमचा अंगठा शेवटच्या ओळीवर आला आणि थांबला. त्यांनी मान वर केली आणि एकदाच माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. हे कागद कुणी टाइप केले ते आठवून पाहावं, तसं.

गृहस्थ शांतपणे बोलत होते, म्हणून जास्त लागलं. "लक्षणीय म्हणजे नुसता मोठा फरक नव्हे. तो योगायोगाने पडलेला नसावा, हे गणिताने तपासलं तरच तो शब्द येतो. चार-पाच खेपांत एखादा आठवडा ऊन बरं असलं तरी फरक दिसेल. यंत्र चांगलं नाही असं मी म्हणत नाही. पण तुम्ही जे तपासलं नाही ते तपासलंय असं या कागदावर आहे. मग मी बाकीचे आकडे कसे धरू?"

"शब्द चुकला," मॅडम म्हणाल्या. "सही माझी आहे. चूक माझी."

मी तोंड उघडलं नाही. मी उभी राहून 'तो शब्द माझो' म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा हिशेब मी तेव्हाही केला होता. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. एवढंच. तेवढ्यासाठी मी गप्प बसले.

संस्थेने नाही म्हटलं नाही. प्रयोग नीट, जास्त खेपा घेऊन परत करा, तपासा आणि पुढच्या वर्षी या, असं म्हणाले. म्हणजे तो हंगाम गेला.

परत येताना आम्ही तिघी एका रिक्षात. मी मधे, एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला मॅडम.  मावशी बाहेर बघत म्हणाली, "मॅडम, राग मानू नकात. आमी अडाणी माणसां. पण इतक्या शिकान एक शबुद नीट लिवक जमा नये?"

मॅडम म्हणाल्या, "खरं आहे मावशी."

"माझ्या बायो वाट बघतत. मी तेंका काय सांगा? एका शबुदापायी कपाट गेला म्हणान?"

"माझं नाव सांगा."

"ता सांगतलंयच," मावशी म्हणाली.

मी दोघींच्या मधे होते. माझा खांदा मॅडमच्या खांद्याला लागत होता. रिक्षा वळली की त्या माझ्यावर कलत आणि 'सॉरी' म्हणत. मला म्हणत. कॉलेजच्या फाट्यावर त्या उतरल्या, पैसे देऊन टाकले आणि गेल्या. मावशी पुढे घरापर्यंत त्यांना बोल लावत राहिली आणि मी 'हां' म्हणत राहिले. खोटं बोलण्यापेक्षा ते 'हां' मला अजून जास्त सलतं.

मॅडम त्यानंतर दुकानात आल्या नाहीत. त्यांचं टायपिंग दुसरीकडे जाऊ लागलं. सरांनी एकदा विचारलं, "कॉलेजच्या मॅडम खंय दिसनत नाय त्या?" मी त्यांना सगळं सांगितलं. सर ऐकत होते तेव्हा की-बोर्डवरची धूळ बोटाने काढत होते.

"तुका लक्षणीय कोणी शिकवलो?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाय. मीच उतरून घेतलंय."

"कपडो दुसऱ्याच्या अंगावर बघितलंस नि शिवक दिलंस. माप घेतलंस नाय." मग थोड्या वेळाने, "माझी पण चूक आसा. निकडीच्या शबुदाक काय इचारतत, ता सांगलंय. सारांशात काय इचारतत, ता सांगूचा रवला."

"काय इचारतत?"

"तुका कसा कळला, ह्या इचारतत. भाषणात कोण इचारता? प्रस्तावात इचारतत, नाय दिला तर काय होतला. सारांशात इचारतत, तुका कसा कळला." ते उठले. "जा. त्या बाईक सांग."

मी दोनदा कॉलेजपर्यंत जाऊन परत आले. एकदा फाटकापर्यंत, एकदा जिन्यापर्यंत. मुलं वर-खाली करत होती आणि माझ्या हातात काही नव्हतं, तर काय म्हणून आले असं कुणी विचारलं तर काय सांगायचं, या भीतीने परतले. तिसऱ्यांदा एक जुना कागद हातात घेऊन गेले, म्हणजे कामाने आले असं वाटावं. मॅडम प्रयोगशाळेत एकट्या होत्या, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत.

"मॅडम, तो शब्द मी बदलला," मी म्हटलं. प्रमाण भाषेत म्हटलं, ऑफिसात बोलतात तसं. पुढचं ठरवलेलं सगळं विसरले.

"मला त्याच दिवशी कळलं," त्या म्हणाल्या. चिठ्ठी चिकटवत राहिल्या. "माझा हस्तलिखित कागद घरी होता ना. मी बघितलं."

"मग तुम्ही..."

"सही करण्याआधी मी वाचायला हवं होतं. ते माझं. पण तुम्ही 'नाही' म्हणालात, ते तुमचं." मग त्यांनी मान वर केली. "मी 'वाटतो' का लिहिलं होतं, ठाऊक आहे? कारण तेवढंच मला माहीत होतं. त्यापेक्षा एक अक्षर जास्त माहीत नव्हतं."

मी रडले नाही. रडले असते तर त्यांना मला समजवावं लागलं असतं, आणि तेवढी लाज तरी मला राखायची होती. जाताना त्या म्हणाल्या, "माझं झालं. पण मावशी अजून मला बोलतात. बाजारात भेटल्या तर तोंड फिरवतात. ते मला नाही मिटवता येत."

त्या दिवशी मी दुकानात न जाता सरळ वाडीत गेले. वाटेत कितीदा थांबले ते सांगत नाही. मावशी अंगणात होती. बांगडे चिरून, मिठात घोळवून बांबूच्या मांडवावर एकेक पसरत होती. मॅडमचं कपाट परत गेलं होतं आणि ते जिथे असे तिथे जमिनीवर चार पायांचे ठसे होते.

"काय गो, आज दुकान नाय?"

मी सांगितलं. बसून नाही, उभ्याने, एका दमात, मालवणीत. शब्द कुठला होता, मी का बदलला, मॅडमनी विचारलं तेव्हा मी काय म्हटलं. सभागृहात गप्प राहिले ते. रिक्षात 'हां' म्हटलं ते.

मावशीने हातातला बांगडा खाली ठेवला.  मग म्हणाली, "त्या बाईक मी रिक्षात काय बोललंय, तू आयकत होतंस."

"हां."

"माझ्या बाजूक बसान."

"हां."

"चार बायांपुढ्यात बोललंय. नळार बोललंय. तिच्या आवशीच्या वयाची मी, माका सांगूक तोंड नाय आता. आणि तू हां म्हणत होतंस." तिने पदराला हात पुसले. "शाणी झालंस गो तू. आमची होतंस ता बरा होता."

 

ती आत गेली, पातळ बदलून आली. केस विंचरलेले, पायात चप्पल. हातात कागदात बांधलेल्या सुक्या सुंगटांची पुडी होती. मॅडमना सुंगटं आवडतात हे तिला ठाऊक होतं. मी म्हटलं, "मावशी, मी येव?"

"तू कित्याक? थंय माझी चूक सांगूची आसा. तुझी तू सांगलंस." ती फाटकापर्यंत गेली आणि वळली. "ह्या हंय उघड्यार पडला आसा ता कोण बघतला? कावळे येतत. बस हंय. एक पण नेल्यानी तर बघ."

मी मांडवाजवळ बसले. ऊन तापलं होतं. कावळे माडांवर बसून वाट बघत होते, आणि मी हातात काठी धरून, तोंडाने हुश हुश करत, ती परत येईपर्यंत त्यांना हाकलत राहिले.